तपासणारे तेच, ठरवणारेही तेच: विभागीय चौकशीत हरकत नेमकी कुठे घ्यायची

प्रश्न: मी ठाण्यात राज्य शासनाच्या एका जिल्हा कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. ज्या साहेबांनी दप्तर तपासणी करून माझ्याविरुद्ध अहवाल लिहिला, त्यांच्याच हाताखालचे अधिकारी आता माझे चौकशी अधिकारी आहेत. सादरकर्ता अधिकारी नेमलेलाच नाही. शेवटचा निर्णयही आमचंच खातं देणार. तपास, आरोप आणि निकाल सगळं एकाच खात्याकडे आहे, या मुद्द्यावर चौकशी रद्द होऊ शकते का? पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे.

उत्तर:

तुम्ही ज्या शब्दांत मुद्दा मांडलाय, त्या शब्दांत तो टिकणार नाही. हे आधीच सांगतो, कारण तीन आठवड्यांतले पहिले दोन आठवडे याच मुद्द्यावर मोठा अर्ज लिहिण्यात घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. मी स्वतः राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो आणि त्यानंतर ठाणे, बेलापूर, पनवेल या पट्ट्यात बचाव सहायक म्हणून बऱ्याच चौकशांना बसलो. एका टोकाला नोकरी आणि दुसऱ्या टोकाला ती काढून घेणारं कार्यालय, असं ते टेबल असतं. तिथे चुकीचा मुद्दा मोठ्या आवाजात मांडला की बरोबर मुद्दा ऐकायला कुणी उरत नाही.

‘सगळं एकाच खात्याकडे आहे’ ही हरकत का टिकत नाही? कारण शिस्तीची रचनाच तशी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे शिस्तभंगविषयक प्राधिकारी दोषारोपपत्र देतो, चौकशी स्वतः करतो किंवा त्यासाठी अधिकारी नेमतो, अहवाल आला की तोच निष्कर्ष काढतो आणि शिक्षाही तोच देतो. नोकर शासनाचा, म्हणून शिस्त लावण्याचा अधिकारही शासनाचाच. हे काम बाहेरच्या कुणाकडे द्यावं असं नियम म्हणत नाहीत. न्यायालयांनी ही रचना मान्य केलेली आहे आणि बदल्यात एक अट घातली आहे: रचनेच्या आतली माणसं आपापल्या जागी राहिली पाहिजेत. तपासणाऱ्याने तपासावं, बाजू मांडणाऱ्याने मांडावी, चौकशी अधिकाऱ्याने दोन्हीकडचं ऐकावं, आणि ठरवणाऱ्याचा त्या प्रकरणात आधीपासून हात गुंतलेला नसावा. तेव्हा हरकत खात्यावर घेऊ नका. जो माणूस आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसला, त्याच्यावर घ्या. तुमच्या हकिकतीत अशा दोन जागा मला आत्ताच दिसतात. तिसरी पुढे निर्माण होऊ शकते.

त्याआधी वेळेचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर माणकलाल नावाच्या वकिलाचं प्रकरण आलं. त्याच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाचा अध्यक्ष पूर्वी एका प्रकरणात तक्रारदाराच्या बाजूने उभा राहिला होता. न्यायालयाने मान्य केलं की असा माणूस तिथे बसायला नको होता, आणि पक्षपात प्रत्यक्ष झाला का हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. तरीही माणकलाल हरला. ही गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवी होती आणि तो गप्प बसला. अहवाल विरोधात गेल्यावर त्याने मुद्दा काढला. न्यायालयाने म्हटलं, हरकत घेण्याचा हक्क तू स्वतःच सोडलास. पक्षपाताच्या मुद्द्यावर हरणारी बहुतेक प्रकरणं आजही याच कारणाने हरतात. मुद्दा खरा असतो, पण तो अपिलाच्या अर्जात पहिल्यांदा उगवतो. तुमची पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे, म्हणजे तुम्ही अजून वेळेत आहात.

आता पहिली जागा, चौकशी अधिकारी. ‘हाताखालचे’ हा शब्द तुम्ही बोलण्याच्या ओघात वापरला असेल, पण अर्जात तो एवढ्यावर भागत नाही. एका कार्यालयात सगळेच कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली असतात. तुम्हाला दोन गोष्टी शोधायच्या आहेत. एक, तपासणीच्या अहवालावर किंवा पंचनाम्यावर या चौकशी अधिकाऱ्यांची सही आहे का? तपासणी पथकात ते होते का, जबाब त्यांनी नोंदवले का, निदान मोजदादीला हजर होते का? असतील तर मुद्दा जवळपास संपला, कारण जे त्यांनी स्वतः पाहून लिहिलं त्याचं खरंखोटं त्यांनीच ठरवायचं असं होतं. दोन, तपासणी करणारे साहेब दोषारोपपत्रातल्या साक्षीदारांच्या यादीत आहेत का आणि चौकशी अधिकाऱ्यांचा वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल कोण लिहितं? ज्याला आपण इतकी वर्षं गोपनीय अहवाल म्हणत आलो तो. साक्षीदार क्रमांक एक हाच जर चौकशी अधिकाऱ्याचा प्रतिवेदन अधिकारी किंवा पुनर्विलोकन अधिकारी असेल, तर ज्या माणसाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचंय, त्याच माणसाच्या लेखणीत चौकशी अधिकाऱ्याची बढती आहे. वाजवी माणसाला इथे भीती वाटेल का, एवढीच कसोटी आहे. त्या अधिकाऱ्यांच्या मनात काय आहे हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही, आणि करायलाही जाऊ नका. ‘ते माझ्यावर आकस धरतात’ असं लिहिलंत की तो वैयक्तिक आरोप होतो, आणि त्याला पुरावा मागितला जातो.

हा अर्ज चौकशी अधिकाऱ्यांना उद्देशून लिहू नका. ज्यांनी त्यांना नेमलं त्या शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला लिहा आणि प्रत चौकशी अधिकाऱ्यांना द्या. आपल्याच नेमणुकीवर निर्णय देण्याचा अधिकार चौकशी अधिकाऱ्यांना नाही. अर्ज निकाली निघेपर्यंत कामकाज पुढे ढकलावं अशी विनंती त्यातच करा. तो एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदावर कोणाची सही आहे, कोणाचा अहवाल कोण लिहितं, म्हणून वाजवी भीती, म्हणून दुसरा अधिकारी नेमावा, एवढंच.

दुसरी जागा सादरकर्ता अधिकाऱ्याची, म्हणजे चौकशीत खात्याची बाजू मांडणाऱ्याची, आणि ती तुमच्याकडे रिकामी आहे. इथे लोकांची एक ठाम समजूत असते की सादरकर्ता अधिकारी नाही म्हणजे चौकशीच बेकायदा. तसं नाही. प्राधिकारी सादरकर्ता अधिकारी नेमू ‘शकतो’ असं नियमात आहे, नेमलाच पाहिजे असं नाही. २०१८ साली केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांच्या प्रकरणात, राम लखन शर्मा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. सादरकर्ता अधिकारी नसल्यामुळे चौकशी आपोआप बिघडत नाही. ती बिघडते चौकशी अधिकारी स्वतः खात्याचा वकील होतो तेव्हा. त्या प्रकरणात तेच घडलं होतं, म्हणून जवानांच्या बाजूने निकाल लागला. तेव्हा तुमच्या रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या त्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, ‘सादरकर्ता अधिकारी नाही’ एवढीच हरकत असेल, तर तिचा उपयोग नाही. त्या रिकाम्या खुर्चीत कोण जाऊन बसलं आणि बसून काय केलं, हे तिथे दिसलं पाहिजे.

पण साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा अधिकार चौकशी अधिकाऱ्याला नियमानेच आहे. मग खुलासा मागणं कुठे संपतं आणि खटला चालवणं कुठे सुरू होतं? मी तीन खुणा बघतो. पहिली खूण म्हणजे सरतपासणी कोण घेतं. साक्षीदार बसल्याबरोबर दोषारोपपत्र समोर धरून आरोपांच्या क्रमाने प्रश्न चौकशी अधिकारीच विचारत असतील, तर ते बाजू मांडणं झालं. दुसरी खूण सूचक प्रश्नांची. एका चौकशीतला हा भाग माझ्या लक्षात राहिला आहे.

प्रश्न: पावतीपुस्तक तुम्ही कोणाकडे दिलंत?
उत्तर: आता आठवत नाही.
प्रश्न: प्राथमिक चौकशीच्या जबाबात ते अपचाऱ्याकडे दिलं असं तुम्ही लिहिलं आहे. ते खरं आहे ना?
उत्तर: होय.

साक्षीदार ‘आठवत नाही’ म्हणाला होता. उत्तर चौकशी अधिकाऱ्यांनी पुरवलं आणि त्याने फक्त मान हलवली. शिवाय ते उत्तर ज्या प्राथमिक जबाबातून आलं, तो अपचाऱ्याच्या, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहेत त्याच्या, पाठीमागे घेतलेला होता. प्राथमिक चौकशी आणि नियमित चौकशी यांच्यात भिंत आहे ती इथेच. प्राथमिक चौकशीचा उपयोग दोषारोपपत्र द्यायचं की नाही एवढं ठरवण्यापुरता असतो. तिथले जबाब नियमित चौकशीत पुरावा म्हणून वापरायचे तर साक्षीदाराने इथे येऊन सांगितलं पाहिजे आणि तुम्हाला उलटतपासणी मिळाली पाहिजे. तिसरी खूण सगळ्यांत बोलकी आहे आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. उलटतपासणीत साक्षीदार तुमच्या बाजूने काही कबूल करतो आणि लगेच चौकशी अधिकारी दोन-तीन प्रश्न विचारून ते पुसून काढतात. फाटलेलं शिवणं हे फेरतपासणीचं काम आहे आणि ते सादरकर्त्याचं आहे.

अगदी टोकाचं उदाहरण जुनं आहे. उत्तर प्रदेशातल्या हेड कॉन्स्टेबल मोहम्मद नूहच्या प्रकरणात साक्षीदार उलटल्यावर चौकशी चालवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने स्वतः साक्ष दिली आणि परत येऊन निर्णय देणाऱ्याच्या खुर्चीत बसला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली. इतकं उघडपणे आज कुणी करत नाही. आज तीच साक्ष प्रश्नचिन्ह लावून दिली जाते.

यासाठी दोन गोष्टी करा. सादरकर्ता अधिकारी नेमावा असा अर्ज आत्ताच द्या. तो नाकारला तरी चालेल, पण तुम्ही मागितला होता हे कागदावर राहील. आणि तारखेच्या दिवशी असा प्रश्न आला की तिथल्या तिथे, साक्षीदार उत्तर देण्याआधी, हात वर करून सांगा, ‘माझी हरकत नोंदवून घ्यावी.’ शब्द साधे ठेवा. मी असे लिहून देतो: ‘साक्षीदार क्र. २ यांनी आठवत नसल्याचे सांगितल्यावर मा. चौकशी अधिकारी यांनी प्राथमिक जबाबातील मजकूर वाचून दाखवून प्रश्न क्र. ९ विचारला. हा प्रश्न सूचक असून सादरकर्ता अधिकाऱ्याच्या भूमिकेतील आहे. हरकत राखून कामकाजात भाग घेत आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. चिडून उठून गेलात तर चौकशी एकतर्फी चालते, आणि मग तुमच्या हरकतीपेक्षा तुमची गैरहजेरी ठळक दिसते. बसा, उलटतपासणी पूर्ण घ्या, आणि हरकतही ठेवा.

रोजनामा वाचल्याशिवाय सही करू नका. हरकत त्यात आली नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा. तेही करू दिलं नाही, तर त्याच दिवशी तोच मजकूर अर्ज म्हणून आवक शाखेत द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. वर्षभराने न्यायाधिकरण कागद बघतं तेव्हा त्यावरची तारीख आणि आवकचा शिक्का हे दोनच साक्षीदार उरलेले असतात.

हे सगळं एकत्र कसं घडतं हे एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या एका कार्यालयात एक भांडारपाल होता. वरिष्ठांनी अचानक भांडाराची मोजदाद केली. १८ वस्तूंची तूट निघाली, किंमत लाखाच्या थोडी वर. दोन आरोप ठेवले गेले: साठा नोंदवहीत खाडाखोड केली आणि तुटीच्या मालाचा अपहार केला. मोजदाद करणारे वरिष्ठ साक्षीदारांच्या यादीत पहिले होते. चौकशी अधिकारी म्हणून ज्यांना नेमलं त्यांचं नाव आम्हाला ओळखीचं वाटलं, म्हणून मोजदादीच्या पंचनाम्याची प्रत मागितली. त्यावर चौथी सही त्यांचीच होती.

पहिल्याच बैठकीआधी आम्ही प्राधिकाऱ्याकडे अर्ज दिला. एक परिच्छेद आणि सोबत पंचनाम्याची प्रत. अडीच महिन्यांनी चौकशी अधिकारी बदलले. बऱ्याच जणांना वाटतं की असा अर्ज दिला की साहेब चिडतात. माझा अनुभव वेगळा आहे. सुरुवातीला दिलेला, कागदाला कागद जोडलेला अर्ज आस्थापना शाखेला सोयीचाच असतो. अधिकारी बदलणं म्हणजे एक आदेश काढणं. पुढे सगळी चौकशी रद्द होण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

नवे अधिकारी सरळ होते, पण सादरकर्ता कुणी नव्हता आणि सरतपासणी तेच घेत होते. सात ठिकाणी आमच्या हरकती रोजनाम्यात नोंदल्या गेल्या. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच असं झालं की त्या नोंदींमुळे त्यांची पद्धत बदलली. चौथ्या बैठकीपासून ते साक्षीदाराला ‘तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा’ एवढंच म्हणायचे. अहवालात त्यांनी खाडाखोडीचा आरोप सिद्ध धरला आणि अपहाराचा सिद्ध होत नाही असं लिहिलं. भांडाराच्या दुसऱ्या किल्लीचा हिशेब खात्याला देता आला नव्हता.

आता तुमच्या बाबतीत पुढे येऊ शकणारी तिसरी जागा. चौकशी चालू असताना मोजदाद करणाऱ्या वरिष्ठांची बढती झाली होती आणि ते नेमके त्या पदावर आले ज्या पदाला भांडारपालाच्या बाबतीत शिस्तभंगविषयक अधिकार होते. म्हणजे ज्यांनी तूट शोधली, ज्यांनी साक्ष दिली, तेच आता अहवाल स्वीकारायचा की नाही हे ठरवणार होते. यात कुणाचा कट नव्हता. बदल्या-बढत्यांच्या रेट्यात असं होतं. जिल्हा आणि विभागीय कार्यालयांत पदं मोजकी असतात, तीच माणसं फिरून त्याच साखळीत वर येतात. म्हणून चौकशी लांबली की दर बदलीच्या आदेशावर लक्ष ठेवा. आम्ही आदेश निघण्याआधी लेखी कळवलं की प्राधिकारी हे या प्रकरणात साक्षीदार आहेत, तेव्हा प्रकरण त्यांच्या वरिष्ठांकडे निर्णयासाठी पाठवावं. १९८४ साली अर्जुन चौबे या रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली होती ती याच तत्त्वावर: ज्या अधिकाऱ्याशी केलेल्या वर्तनाबद्दल आरोप होते, त्यानेच खुलासा तपासला आणि त्यानेच काढून टाकलं. त्याचा दाखला आम्ही अर्जात दिला. उत्तर आलं नाही.

आदेश आला. ‘अपहाराचा आरोप सिद्ध होत नाही या निष्कर्षाशी मी असहमत आहे’ एवढं एक वाक्य आणि सक्तीची सेवानिवृत्ती. असहमत होण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. पण १९९८ च्या पंजाब नॅशनल बँक विरुद्ध कुंज बिहारी मिश्रा या निकालाप्रमाणे चौकशी अधिकाऱ्याने तुमच्या बाजूने दिलेला निष्कर्ष उलटवायचा असेल, तर असहमतीची तात्पुरती कारणं आधी तुम्हाला कळवून तुमचं म्हणणं मागवावं लागतं, आणि मगच निष्कर्ष नोंदवता येतो. इथे ते झालं नव्हतं.

आदेशानंतर भांडारपालाने माहितीच्या अधिकारात स्वतःच्या प्रकरणाची नस्ती, म्हणजे फाईल, मागितली. चौकशी चालू असताना तपासात अडथळा येईल या कारणाने नकार मिळू शकतो, पण अंतिम आदेशानंतर ते कारण उरत नाही. टिप्पणीची पानं हातात आल्यावर मला जे दिसलं ते तुम्हालाही कळायला हवं, कारण ‘एकच खातं’ या शब्दांत तुम्हाला जे खुपतंय ते खरं तर तिथे राहतं. दोषारोपपत्राचा मसुदा, चौकशी अधिकारी नेमण्याचा प्रस्ताव, अहवालाची छाननी आणि शिक्षेचा प्रस्ताव, सगळ्या टिप्पण्या आस्थापना शाखेच्या एकाच टेबलावरून गेल्या होत्या. अहवालावर म्हणणं मांडायला भांडारपालाला १५ दिवस दिले होते, आणि सक्तीच्या सेवानिवृत्तीचा प्रस्ताव असलेली टिप्पणी त्यातल्या नवव्या दिवसाची होती. म्हणजे उत्तर यायच्या आधीच शिक्षा लिहून झाली होती. अहवालाची प्रत शिक्षेआधी दिलीच पाहिजे हा नियम १९९३ च्या करुणाकर निकालाने पक्का केला. ती प्रत देण्याचा हेतूच हा असतो की ठरवणाऱ्याने तुमचं म्हणणं वाचून मग ठरवावं. ते पान नसतं, तर ‘सर्व बाबींचा विचार करून’ हे आदेशातलं वाक्य आम्ही खोडू शकलो नसतो.

विभागीय अपील फेटाळलं गेल्यावर प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेलं. आपण त्याला मॅट म्हणतो. ध्यानात ठेवा, मॅट पुरावा नव्याने तोलत नाही. विभागीय चौकशीत आरोप संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागत नाही, शक्यता कोणत्या बाजूला झुकते एवढं पुरतं. थोडा तरी पुरावा असेल तर निष्कर्षात हात घातला जात नाही. म्हणूनच कोण कुठे बसलं होतं हा मुद्दा इतका महत्त्वाचा ठरतो. तो पुराव्याचा नाही, कार्यपद्धतीचा आहे, आणि तो तिथे ऐकला जातो. भांडारपालाचा आदेश दोन कारणांनी रद्द झाला: साक्षीदारानेच निर्णय दिला आणि असहमतीची कारणं कळवली नाहीत. आमच्या सात हरकतींवर मात्र न्यायाधिकरणाने चौकशी रद्द केली नाही. पुढच्या बैठकांत पद्धत सुधारली होती, त्यामुळे फार नुकसान झालं असं त्यांना वाटलं नाही. मला ते त्या वेळी पटलं नव्हतं. आज विचार करता योग्य वाटतं.

आणि आदेश रद्द होणं म्हणजे सुटका नव्हे. जिथे चूक झाली त्या टप्प्यापासून प्रकरण परत सुरू होतं. भांडारपालाचं प्रकरण वरच्या अधिकाऱ्यांकडे गेलं. त्यांनी अहवाल नव्याने वाचला, अपहाराचा निष्कर्ष आहे तसाच ठेवला आणि खाडाखोडीसाठी एक वेतनवाढ रोखली. ती खाडाखोड झाली होती हे भांडारपाल स्वतः मान्य करत होता. सगळ्याला मिळून साडेचार वर्षं गेली. तुमची सेवा किती उरली आहे याचा विचार यात करा. निवृत्ती तोंडावर असेल तर हरकत जिंकूनही चौकशी निवृत्तीनंतर चालू राहू शकते आणि तोवर तात्पुरतं निवृत्तिवेतनच मिळतं आणि उपदान अडकतं. अशा वेळी चौकशी अधिकारी बदलण्याचा आग्रह धरायचा की आहे त्यांच्यासमोर हरकत राखून लवकर संपवायचं, हा निर्णय कायद्यापेक्षा घरच्या हिशेबाचा असतो. कुटुंबाशी बोलून घ्या.

तुमच्या तीन आठवड्यांचं काम एवढं आहे. या आठवड्यात दोषारोपपत्रासोबतची कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी काढा. तपासणी अहवाल किंवा पंचनामा त्यात असूनही प्रत मिळाली नसेल तर तो पाहण्याची व प्रत मिळण्याची मागणी लेखी करा, आणि सह्या बघा. चौकशी अधिकारी व तपासणी करणारे साहेब यांच्यातलं पदांचं नातं कार्यालयाच्या कार्यविभागणीच्या आदेशावरून मिळतं. तो साधारणपणे सूचनाफलकावर किंवा संकेतस्थळावर असतो. पुढच्या आठवड्यात प्राधिकाऱ्याकडे दोन वेगळे अर्ज द्या: एक चौकशी अधिकारी बदलण्याचा, एक सादरकर्ता अधिकारी नेमण्याचा. एकाच अर्जात दोन्ही मागण्या घातल्या तर सादरकर्ता नेमून दुसरी मागणी तशीच पडून राहते, असं मी दोनदा पाहिलं आहे.

बचाव सहायक अजून घेतला नसेल तर तोही आत्ताच ठरवा. सेवेत असलेला किंवा निवृत्त शासकीय कर्मचारी घेता येतो. वकील मात्र सादरकर्ता अधिकारी स्वतः विधी व्यावसायिक असेल किंवा प्राधिकाऱ्याने परवानगी दिली असेल तरच मिळतो. तारखेच्या दिवशी त्याला शेजारी बसवा आणि एक काम फक्त त्याचं ठेवा: प्रश्न कोण विचारतंय आणि कोणत्या शब्दांत, हे क्रमांक टाकून वहीत लिहिणं. तुम्ही उलटतपासणीत गुंतलेले असाल, तुमच्याने ते होणार नाही. संध्याकाळी रोजनाम्याची प्रत मिळाली की ती त्या वहीशेजारी ठेवून एकेक प्रश्न जुळवा. जो प्रश्न वहीत आहे आणि रोजनाम्यात नाही, त्याचाच अर्ज कार्यालय बंद व्हायच्या आत आवक शाखेत गेला पाहिजे.